आधारवर जाधव, पॅनवर मोरे, पासबुकात एस. व्ही.: कर्जाच्या अर्जाआधी नाव कसं जुळवायचं

मी बरीच वर्षं बँकेत केवायसीच्या टेबलावर बसतो. गृहकर्जाची फाइल घेऊन आलेला माणूस पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं, घराचे कागद असं सगळं व्यवस्थित लावून आणतो, आणि अडतो तो स्वतःच्या नावावर. "अहो, मीच आहे की ही," असं सांगणारी बाई समोर बसलेली असते आणि तिच्या तिन्ही कागदांवर तीन नावं असतात. ती खरं बोलतेय हे मला दिसतं. पण फाइल पुढे जिथे जाते तिथे तिला कोणी पाहणार नसतं. तिथे कागदावरची अक्षरं एकमेकांशी ताडली जातात, बस.

म्हणून अर्ज भरायच्या दोन महिने आधी हे काम काढावं. कसं, ते एकाच उदाहरणावरून सांगतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंचं उदाहरण घेतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हीच सगळ्यात गुंतागुंतीची असते. ही उलगडली की बाकीच्या सोप्या वाटतात.

समजा, सुनीता नावाच्या बाई आहेत. वडील विठ्ठल मोरे, पती रमेश जाधव. लग्नानंतर त्यांनी आधार बदलून घेतलं. पॅन कॉलेजात असताना काढलेलं, ते तसंच राहिलं. पहिल्या नोकरीच्या वेळी उघडलेलं पगाराचं खातं कोणीतरी आद्याक्षरांत नोंदवलं, तेही तसंच राहिलं. स्थिती अशी:

```
आधार      : Sunita Ramesh Jadhav
पॅन       : SUNITA VITTHAL MORE
पगार खातं : S V MORE
```

आधी खरं नाव कुठे लिहिलंय ते बघा

बँकेतलं नाव म्हणून लोक डेबिट कार्ड दाखवतात. कार्डावर जागेच्या सोयीने छापलेलं नाव असतं, ती बँकेची नोंद नव्हे. खात्याचं नाव स्टेटमेंटच्या डोक्यावर किंवा चेकच्या पानावर बघायचं. आणि एवढ्यावर थांबायचं नाही. बँकेच्या प्रणालीत तुमचं नाव दोन ठिकाणी असतं: एक खात्याचं नाव आणि दुसरं ग्राहक क्रमांकाखालचं नाव. नेट बँकिंगमध्ये "माझी माहिती" अशा पानावर जे दिसतं ते बहुधा दुसरं. ही दोन्ही वेगळी असू शकतात. एकाच बँकेत एकाच माणसाचे दोन ग्राहक क्रमांकही सापडतात. जुन्या बचत खात्याचा एक आणि नंतर काढलेल्या मुदत ठेवीचा दुसरा, दोन्हींवर वेगवेगळी नावं. तसं असेल तर नाव बदलायच्या अर्जातच ते क्रमांक एकत्र करायची मागणी लिहा. नाहीतर एक सुधारेल आणि दुसरा तसाच पडून राहील.

एक सोपी चाचणी घरबसल्या करता येते. घरातल्या कोणाला तरी त्यांच्या मोबाइलवरून तुमच्या यूपीआय आयडीवर पैसे पाठवायला सुरुवात करायला सांगा. रक्कम टाकायच्या पानावर बँकेत नोंदलेलं नाव येतं. ते लिहून घ्या आणि मागे फिरा, पैसे पाठवायची गरज नाही. कर्ज देणाऱ्या बऱ्याच संस्था जवळपास हेच करतात. तुमच्या खात्यात एक रुपया टाकतात आणि उत्तरात आलेलं खातेदाराचं नाव अर्जातल्या नावाशी लावून बघतात. स्टेटमेंटमध्ये अनोळखी एक रुपया जमा दिसला तर घाबरू नका, तो बहुधा हाच असतो.

सुनीताबाईंच्या बाबतीत या चाचणीत `S V MORE` येईल आणि अर्जात असेल `Sunita Ramesh Jadhav`. यात एकही अख्खा शब्द जुळत नाही. यंत्राला हे दोन वेगळे लोक वाटणार, आणि त्यात यंत्राची चूक नाही.

कोणतं नाव कायम ठेवायचं ते ठरवा

इथे घाई नडते. लोक आधी बँकेत येतात. मी विचारतो, "कोणत्या नावाने करू?" ते म्हणतात, "आधारवर आहे तसं." मी करून देतो. महिन्याभराने पॅन जुन्या नावाचं म्हणून कर्जाची फाइल परत येते, आणि बाई म्हणतात, "मग परत पहिल्यासारखं करा."

म्हणून आधी एकच नाव पक्कं करा, अगदी स्पेलिंग आणि शब्दांच्या क्रमासकट. सरकारी कागदांपैकी ज्यात बदल करणं सगळ्यात अवघड, त्यावरचं नाव धरावं हे माझं मत. बहुतेकांच्या बाबतीत ते आधार ठरतं, कारण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं. त्यानंतर लागलंच तर नावबदल छापलेलं सरकारी राजपत्र जोडून आधार प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे अपवाद म्हणून अर्ज करावा लागतो. सुनीताबाईंनी लग्नानंतर एक संधी वापरली आहे. उरलेली एक, फक्त पॅनशी जुळावं म्हणून माहेरच्या नावाकडे परत जाण्यात घालवण्यात अर्थ नाही. आधार तसंच राहू द्यायचं, बाकी दोघांना त्याच्याकडे आणायचं.

मात्र माहेरचंच नाव पुढे चालवायचं असेल तर तसं करायला कुठलाही कायदा अडवत नाही. लग्न झालं म्हणून नाव बदलायलाच हवं असं बँकही म्हणू शकत नाही. अशा बाईंचं आधार, पॅन, खातं सगळं माहेरच्या नावावर असेल तर त्यांना काहीच करायचं नाही. नवऱ्याबरोबर सहकर्जदार म्हणून सही करतानाही तेच नाव चालतं, नात्याच्या पुराव्याला विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडलं की झालं.

दोन नावांमधला पूल: विवाह नोंदणी प्रमाणपत्र

जुनं नाव आणि नवं नाव एकाच बाईचं आहे हे सांगणारा कागद लागतो. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत याची स्पष्ट तरतूद आहे आणि ती काउंटरवरच्या अनेकांना ठाऊक नसते. ओळखपत्र दिल्यानंतर धारकाचं नाव बदललं असेल, तरी राज्य सरकारने दिलेलं विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडल्यावर ते ओळखपत्र वैध धरावं, असं नियम सांगतो. म्हणजे जुन्या नावाचा पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र ही जोडी बँकेने नाकारू नये. कोणी "आधी पासपोर्ट बदलून आणा" म्हणालं तर शांतपणे हा नियम दाखवा.

लग्नपत्रिका किंवा कार्यालयाची पावती यासाठी चालत नाही. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा विवाह निबंधकाकडची नोंद हवी. लग्नाला वीस वर्षं झाली आणि नोंदच केलेली नाही असे लोक दर महिन्याला येतात. उशिरा नोंदणी होते, थोडा दंड भरावा लागतो. त्या वेळी अर्जात वधूचं नाव जुन्या कागदांवर आहे तसं, पूर्ण लिहून घ्या. `Sunita V. More` असं अर्धवट छापून आलं की पूल बांधायला घेतलेला कागदच मोडका निघतो.

नाव लग्नामुळे बदललेलं नसेल, म्हणजे ज्योतिषाने सांगितलं म्हणून किंवा आवडत नव्हतं म्हणून पहिलंच नाव बदललं असेल, तर राजपत्राला पर्याय नाही. महाराष्ट्रात ते काम शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाकडे होतं. राजपत्राच्या त्या पानाची प्रत जन्मभर सांभाळा.

आणि प्रतिज्ञापत्र? "मी आणि ती एकच व्यक्ती आहे" असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र लोक पहिल्यांदा काढतात, कारण कोर्टाबाहेरचा टंकलेखक तेच सुचवतो. आद्याक्षर, एखादं स्पेलिंग अशा किरकोळ फरकाला अनेक बँका ते घेतात. अख्खं आडनाव बदललंय तिथे ते पुरत नाही. ते घ्यायचं की नाही हे शेवटी बँकेच्या हातात असतं, म्हणून खर्च करण्याआधी शाखेत विचारा.

आता पॅन

आधार पक्कं झालं की पॅन. कर्जासाठी पॅन लागतंच, पण गंमत अशी की रिझर्व्ह बँकेच्या "अधिकृत वैध कागदपत्रांच्या" यादीत ते नाही. त्या यादीत पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, मनरेगाचं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र आहे. तरीही तुमची पतपत्रिका, म्हणजे आजवरच्या कर्जांचा आणि फेडीचा अहवाल, पॅनवरून उघडते, त्यामुळे पॅनवरचं नाव प्रत्यक्षात सगळ्यात जास्त तपासलं जातं.

पॅनमधली दुरुस्ती पॅनचं काम बघणाऱ्या प्रोटिअन किंवा यूटीआयआयटीएसएल या संस्थांच्या संकेतस्थळावरून करता येते. दुरुस्तीचा अर्ज निवडा, नव्या पॅनचा नाही. नवं पॅन काढलं तर एका माणसाचे दोन क्रमांक होतात आणि त्याला दंड आहे. आधारच्या ओटीपीवर चालणारा कागदविरहित मार्ग निवडला तर नाव थेट आधारवरून उचललं जातं, त्यामुळे स्पेलिंग चुकायला वाव राहत नाही. सुनीताबाईंना हाच मार्ग योग्य.

अर्ज भरताना दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली आडनावाच्या रकान्यात. पॅनच्या अर्जात आडनाव, पहिलं नाव आणि मधलं नाव असे तीन वेगळे रकाने असतात. `JADHAV` आडनावात, `SUNITA` पहिल्या नावात, `RAMESH` मधल्या नावात. तिथे आद्याक्षरं लिहायची नाहीत. दुसरी चूक वडिलांच्या नावाची. लग्नानंतर बाई त्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहून मोकळ्या होतात. तो रकाना वडिलांचाच असतो, तिथे विठ्ठल मोरे हेच नाव राहणार.

पॅन क्रमांक बदलत नाही. त्याचं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. सुनीताबाईंचं ते `M` आहे आणि जाधव झाल्यावरही `M` च राहील. "पॅनमध्ये अजून जुनं आडनाव आहे" म्हणून एक जण माझ्याकडे बायकोचा अर्ज घेऊन दुसऱ्यांदा आले होते, ते या अक्षरापायीच. ते तसंच असायला हवं.

मग बँक

आता शाखेत जा, शक्यतो महिन्याचे पहिले काही दिवस सोडून. बरोबर हे न्या: नवीन पॅन, आधार, विवाह प्रमाणपत्र (मूळ आणि प्रत), पासबुक आणि उरलेलं चेकबुक. प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही करा. अर्ज दोन मागा: नाव बदलाचा आणि केवायसी अद्ययावत करण्याचा. काही बँकांत दोन्ही एकाच कागदावर असतात. अर्जात स्पष्ट लिहा: "ग्राहक क्रमांक आणि त्याखालील सर्व खात्यांवर नाव बदलावे." हे वाक्य नसेल तर समोरचा माणूस फक्त तुम्ही सांगितलेल्या खात्याचं नाव बदलेल, आणि ती त्याची चूक म्हणता येणार नाही.

नव्या नावाबरोबर सहीचा नमुनाही नवा द्या. हे सगळे विसरतात. नाव जाधव झालं, पण बँकेत सही अजून "सु. वि. मोरे" अशी. मग कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप कापून जावा म्हणून भरलेला कागदी आदेश सही जुळत नाही म्हणून परत येतो आणि पहिल्याच हप्त्याला दंड बसतो. खातं संयुक्त असेल तर दुसऱ्या खातेदाराची सही लागते का तेही त्याच वेळी विचारून घ्या.

पोच शिक्क्यासह घ्या किंवा विनंती क्रमांक लिहून घ्या. काम काही दिवसांत होतं. नवं चेकबुक येईपर्यंत कोणाला जुन्या नावाचे पुढच्या तारखेचे चेक दिले असतील तर ते बदलून द्या. पगार देणाऱ्या ऑफिसलाही नव्या नावाची माहिती द्या, कारण पगाराची स्लिप मोरे आणि स्टेटमेंट जाधव असं झालं की कर्जाच्या फाइलमध्ये नवाच प्रश्न उभा राहतो.

झालं की ती यूपीआयची चाचणी पुन्हा करा. पानावर `SUNITA RAMESH JADHAV` आलं तरच समजा झालं. "करून टाकलंय मॅडम" या शब्दावर जाऊ नका. हे मी बँकेचा माणूस असून सांगतोय.

पतपत्रिका आणि जुन्या सावल्या

आता पतपत्रिका काढून बघा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात तुमच्या नावाचे जुने प्रकार दिसतील, `SUNITA V MORE` वगैरे. याने बिघडत नाही. जुन्या क्रेडिट कार्डाचा इतिहास मोरे नावावर असेल तर तो तिथेच दिसायला हवा, तीच तुमची पत आहे. बघायचं ते एवढंच की दुसऱ्याच कोणाचं कर्ज तुमच्या अहवालात घुसलंय का. मिळतंजुळतं नाव आणि एकच जन्मतारीख असली की हे होतं. तसं दिसलं तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. ती 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद 2024 पासून लागू आहे.

दुसरी सावली म्हणजे केंद्रीय केवायसी नोंद. तुमचा 14 अंकी क्रमांक तिथे असतो आणि दुसरी बँक खातं उघडताना तुमची माहिती तिथूनच उचलते. तुमच्या बँकेने केवायसी अद्ययावत केलं की ते तिथे चढवायचं असतं, पण ते लगेच झालंच असेल असं धरू नका. नव्या बँकेच्या अर्जात जुनं नाव आपोआप भरलेलं दिसलं तर ते तसंच पुढे ढकलू नका. तिथेच थांबून नवे कागद द्या.

घराचा करार झाला नसेल तर

कर्ज घरासाठी असेल तर करारनामा नोंदवण्याआधी नावाचं काम संपवा. मुद्रांक शुल्क भरून मोरे नावाने करार झाला आणि कर्ज जाधव नावाने आलं, तर बँकेचा वकील थांबतो. मग दुय्यम निबंधकाकडे चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो, विक्रेत्याला पुन्हा बोलवावं लागतं. विक्रेता परगावी गेलेला असला की हे महिनोन् महिने लांबतं.

छोटे फरक

सगळ्यांचं सुनीताबाईंसारखं नसतं. आधार आणि पॅन एकमेकांशी जुळतात आणि फक्त खातं वेगळं आहे, तर काम अगदी सोपं: ओळखपत्रांना हात लावायचा नाही, फक्त बँकेत जायचं. शब्दांचा क्रम वेगळा (`JADHAV SUNITA RAMESH`) असेल तर बहुतेक ठिकाणी चालून जातं. स्पेलिंगमध्ये `BHOSALE` आणि `BHOSLE` असा फरक असेल तर बँकेतली नोंद ओळखपत्राप्रमाणे करून घ्या, वाद घालू नका.

जुन्या पिढीच्या नावांना शेपूट असतं. मतदार ओळखपत्रावर गणपतराव, आधारवर `Ganpat`, सातबाऱ्यावर गणपती. शेतीवरच्या कर्जाला हे हमखास आडवं येतं, कारण तिथे सातबारा, खातं आणि आधार तिन्ही लागतात. सातबाऱ्यावरच्या नावाच्या दुरुस्तीला तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो आणि तिला वेळ लागतो. म्हणून अशा वेळी मी आधारवरचं नाव धरून खातं बदलायला सांगतो आणि सातबाऱ्याचा अर्ज त्याच दिवशी टाकून ठेवायला सांगतो.

बँकेने अडवलं तर

पूर्ण कागद देऊनही शाखा नाव बदलून देत नसेल तर तोंडी भांडू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही. तक्रारीत अर्जाची तारीख, विनंती क्रमांक आणि दिलेल्या कागदांची यादी एवढंच मुद्देसूद लिहा. मी पाहिलंय, लेखी तक्रार शाखेत पोचली की बऱ्याचदा तो बदल लोकपालापर्यंत जायच्या आधीच, दुसऱ्या दिवशी दुपारी होऊन जातो.